डांबरगोळ्यांचा वास धुऊन का जात नाही, आणि मग तो घालवायचा कसा

प्रश्न: "मार्चमध्ये मिस्टरांचा ब्लेझर, दोन स्वेटर आणि माझ्या दोन सिल्कच्या साड्या डांबरगोळ्या टाकून आलमारीत ठेवल्या होत्या. आता काढल्या तर वासाने डोकं दुखतंय. स्वेटर दोनदा धुतले, एकदा व्हिनेगर घालूनसुद्धा. साड्यांवर परफ्यूम मारला. काही फरक नाही. दहा दिवसांवर घरात लग्न आहे. नागपुरात राहते. काय करू?"

ताई, माझं ड्रायक्लीनिंग आणि साडी पॉलिशचं दुकान नागपुरातच आहे, महालाच्या बाजूला. दिवाळी झाली की लग्नसराईपर्यंत माझ्या काउंटरवर हाच वास असतो. लोक कपडा पुढे ठेवतात आणि म्हणतात, "एकदा चांगला धुऊन द्या." मी बहुतेकांना आधी घरी परत पाठवतो, कारण या कपड्याला धुण्याची गरज नंतर लागते. त्याआधी त्याला हवा लागते, आणि तीही गरम आणि वाहती.

याचं कारण नीट समजलं तर पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल. घामाचा किंवा कोंदट वास हा मळाचा वास असतो, म्हणून साबणाने तो जातो. डांबरगोळीचं तसं नाही. ती नॅफ्थलिनची असते. हा घन पदार्थ न वितळता सरळ वाफ होतो. गोळी महिन्यामहिन्याने बारीक होत जाते आणि शेवटी नाहीशी होते ती यामुळेच. पण नाहीशी होऊन ती जाते कुठे? आलमारी बंद असल्यामुळे ती वाफ तुमच्या कपड्यांच्या धाग्यांत शिरून बसते. म्हणजे तुम्हाला जो वास येतोय तो कपड्याला लागलेला नुसता दर्प नाही, कपड्यात खरोखरच थोडं नॅफ्थलिन आहे आणि ते हळूहळू बाहेर पडतंय.

आता पाण्याचं बघा. लिटरभर पाण्यात नॅफ्थलिन विरघळतं जेमतेम ३० मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत अर्धा ग्रॅमही नाही. शिवाय त्याला पाण्यापेक्षा तेलकट जागा कितीतरी जास्त आवडते. पॉलिस्टरचा धागा त्याच्या लेखी तेलासारखाच, लोकर आणि कॉलरवरचा अंगाचा तेलकटपणासुद्धा तसाच. मग बादलीत भिजत घातल्यावर ते धागा सोडून पाण्यात का येईल? साबणामुळे थोडं सुटतं, पण थोडंच. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांचं काम आम्ल आणि अल्कली वासांवर चालतं. नॅफ्थलिन आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, त्यामुळे त्याच्यावर दोन्हींचा काही परिणाम होत नाही. परफ्यूमने तर दोन वास एकत्र होतात, आणि सिल्कवर डाग पडायची भीती वेगळी. साड्यांवर आता पुन्हा काही मारू नका.

जसं आत गेलं तसंच ते बाहेर निघतं, म्हणजे वाफ होऊन. वाफ होण्याचा वेग उष्णतेवर अवलंबून असतो. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण अडीचपट होतो. नागपुरात नोव्हेंबरअखेरीस दुपारी अठ्ठावीसच्या आसपास असतं आणि पहाटे बारापर्यंत उतरतं. या दोन वेळांत जवळजवळ पाचपटीचा फरक पडतो. म्हणून रात्रभर बाल्कनीत टांगलेल्या कपड्याचा उपयोग फार कमी, उलट तो दवाने ओलसर होतो. अकरा ते चार हे तुमचे कामाचे तास. हेच तुम्ही मे महिन्यात विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, गच्चीवरच्या खोलीत दोन दुपारी पंखा लावून ठेवा आणि विसरून जा. आपल्या पंचेचाळीस अंशांचा एवढा एक फायदा आहे.

पण नुसती उष्णता पुरत नाही. बंद गरम खोलीत वाफ कपड्याभोवतीच घुटमळते आणि संध्याकाळी गारवा आला की परत धाग्यात बसते. पुष्कळ लोक कपडे उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये काचा बंद करून ठेवतात. त्याने कपडा थोडा सुधारतो आणि कार महिनाभर वास मारते. हवा कपड्यातून जाऊन घराबाहेर पडली पाहिजे, खरं काम तिथे होतं.

तुमच्या कपड्यांत सगळ्यात अवघड ब्लेझर आहे, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर सांगतो. तो जमला तर बाकीचं सोपं आहे. ब्लेझर म्हणजे एक कापड नाही. वरून लोकरीचं किंवा मिश्र सुटिंग, आतून पॉलिस्टरचं अस्तर, छातीला चिकटवलेला कडक थर, खांद्यात फोमचं किंवा कापसाचं पॅड. वरचं कापड दोन दिवसांत मोकळं होतं, पण खांद्याचं पॅड आठवडाभर आतून वास सोडत राहतं. "परवा वास गेला होता, आज पुन्हा आला" ही तक्रार मी फार ऐकतो. तो कुठून परत येत नाही, पॅडमधून बाहेर निघत असतो.

मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ असाच काळा ब्लेझर घेऊन आले होते. एका ठिकाणी ड्रायक्लीन करून आणला होता, वर प्लास्टिकचं कव्हर, तरी वास जसाच्या तसा. मी आधी खिसे उलटे केले. आतल्या छातीच्या खिशाच्या तळाशी, शिवणीला चिकटून, शेंगदाण्याच्या टरफलासारखा पातळ पांढरा तुकडा होता. संपत आलेली गोळी. तो तुकडा तिथे असेपर्यंत कितीही वारा द्या, काही होणार नव्हतं. म्हणून पहिलं काम हे: बाहेर, गच्चीवर किंवा अंगणात, प्रत्येक खिसा उलटा करा, बाहीच्या आतल्या कडा, कॉलरखालची घडी, पँटच्या मोहऱ्या बघा आणि मऊ ब्रशने झाडून काढा. थंडीच्या रात्री बंद आलमारी गार होते तेव्हा वाफेचे बारीक चमकणारे कणही कपड्यावर किंवा कव्हरच्या आतल्या बाजूला जमतात. बोटाने चोळले तर मेणचट लागतात. ते घरात झटकू नका.

त्यानंतर आम्ही जे केलं तेच तुम्ही करा. ब्लेझर पूर्ण उलटा केला, अस्तर बाहेर, बाह्यासुद्धा उलट्या. जाड लाकडी हँगरवर लावला. फोम लावलेला हँगर वापरायचा नाही, तो स्वतःच वास धरतो. खांद्याचं पॅड ज्या बाजूला उघडं पडतं त्या बाजूने तीन-चार फुटांवर पेडेस्टल फॅन ठेवला आणि कपड्याच्या पलीकडे उघडी खिडकी, म्हणजे हवा कपड्यातून जाऊन बाहेरच पडेल. खोली दक्षिण किंवा पश्चिमेची, ऊन येणारी निवडा. काळा कपडा थोडा वेळ थेट उन्हात चालतो, कारण तो तापतो आणि आपल्याला तापच हवा आहे, पण अस्तर बाहेर ठेवूनच, नाहीतर खांद्यावर रंग उडतो. घरात मोठा कूलर असेल तर पंप बंद ठेवून, कोरडा पंखा चालवूनही हे होतं. फक्त बाजूच्या ताट्या काढून टाका, नाहीतर वर्षभराची धूळ आणि वाळ्याचा वास ब्लेझरमध्ये जाईल. चारनंतर ब्लेझर उचलून वेगळ्या खोलीत उघडाच टांगायचा. त्या आलमारीत परत ठेवायचा नाही, हे पाळलं नाही तर दिवसभराची मेहनत रात्रीत वाया जाते.

तीन दुपारी असं झालं की वाफेची इस्त्री. इथे वाफ वास धुऊन काढत नाही. ती फक्त पॅडच्या आतपर्यंत उष्णता पोचवते. इस्त्री कापडाला टेकवायची नाही, बोटभर वर धरून खांद्यांवर, छातीवर आणि कॉलरखाली भरपूर वाफ मारायची आणि लगेच, कपडा गरम आहे तोवर, पंख्यासमोर. खिडक्या उघड्या ठेवा, कारण त्या वेळी वास एकदम उसळतो, आणि डोकं दुखतं म्हणता तर तोंडावर तो घेऊ नका. पॅड पूर्ण कोरडं झाल्याशिवाय दुसरी फेरी नको, नाहीतर कुबट वास वेगळा लागेल. त्या काळ्या ब्लेझरला वाफेच्या दोन फेऱ्या आणि आठवडाभराचा वारा लागला. तुमचा लवकरही निघेल. किती गोळ्या होत्या, किती महिने, कव्हर होतं का, पॅड कशाचं, या सगळ्यावर ते ठरतं, त्यामुळे दिवसांची खात्री कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता ड्रायक्लीनिंगबद्दल, कारण हा माझाच धंदा आहे आणि लोकांना वाटतं मी ग्राहक परत पाठवतो म्हणजे काहीतरी गडबड असेल. ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसतं, पेट्रोलियमचं सॉल्व्हंट किंवा परक्लोरोएथिलीन असतं, आणि नॅफ्थलिन त्यात छान विरघळतं. म्हणजे तत्त्वतः हाच सगळ्यात चांगला उपाय. अडचण अशी की ते सॉल्व्हंट गाळून पुन्हा पुन्हा वापरलं जातं. गाळणीतून मळ अडतो, विरघळलेलं नॅफ्थलिन आरपार जातं. ते काढायला ऊर्ध्वपातन करावं लागतं किंवा सॉल्व्हंट सक्रिय कोळशातून न्यावं लागतं, आणि गर्दीच्या दिवसांत प्रत्येक दुकानात ते रोज होतंच असं नाही. गोळ्यांनी भरलेला कोट तसाच टाकला तर वास सगळ्या खेपेत वाटला जातो. म्हणून आधी घरी वारा द्या, मोठा भाग काढून टाका, आणि मग द्यायचाच असेल तर दुकानदाराला स्पष्ट सांगा की डांबरगोळ्यांचा वास आहे, ताज्या सॉल्व्हंटमध्ये घ्या आणि नीट वाळवून द्या. घरी आणल्यावर प्लास्टिकचं कव्हर तिथेच काढून फेका. आणि जुनं, आलमारीतलं कव्हर तर अजिबात परत चढवू नका. पॉलिथिन नॅफ्थलिन शोषून घेतं आणि पुढे महिनोन् महिने देत राहतं.

साड्यांना मात्र ऊन नको आणि वाफही नको. सिल्कचा रंग उन्हात उतरतो, आणि जरीवर ओलावा बसला तर ती काळी पडते. घडी पूर्ण मोडा, सावलीतल्या पण उबदार खोलीत, स्वच्छ सुती चादर घातलेल्या दोन दांड्यांवर साडी सैल पसरा आणि पंखा मंद ठेवा. दिवसातून एकदा बाजू बदला. सिल्क पातळ असतं, त्यामुळे तीन-चार दिवसांत बहुतेक साड्या नेसण्याजोग्या होतात. जास्त वेळ लागतो तो काठाला आणि फॉलला, कारण फॉल अनेकदा पॉलिस्टरचा असतो. पदराच्या घडीत गोळी जरीला टेकून बसली असेल तर तिथे बारीक डाग दिसेल. तो चोळू नका, पॉलिशवाल्याला दाखवा. पॉलिशला साड्या वास गेल्यावरच द्या. गरम रोलखालून वासाची साडी गेली की वास थोडा निघतो खरा, पण पॉलिशमध्ये जी खळ लागते ती उरलेला आत दाबून ठेवते.

स्वेटर तुम्ही दोनदा धुतलेत, आता तिसऱ्यांदा धुऊ नका. लोकरीला तेवढं पाणी सोसत नाही. आधी त्यांना आडवं, चाळणीसारख्या जाळीवर किंवा खाटेवर पसरून तीन दुपारी ऊन-वारा द्या, मग एकदाच कोमट पाण्यात, लोकरीच्या सौम्य साबणाने, न पिळता. आता धुण्याचा उपयोग होतो, कारण मोठा साठा वाऱ्याने गेलेला असतो आणि साबणाला उरलेला तेलकटपणा काढायचा असतो.

वास गेला की नाही हे ठरवताना आपलं नाक विश्वासाचं नाही. दोन दिवस त्याच खोलीत वावरलं की ते बोथट होतं, आणि लग्नाच्या मांडवात शेजारी बसलेल्या मावशींना मात्र पहिल्या मिनिटात कळतं. मी अशी तपासणी करतो: कपड्याचा सगळ्यात जाड भाग, ब्लेझरचा खांदा किंवा साडीचा काठ, स्वच्छ, वास नसलेल्या मोठ्या स्टीलच्या डब्यात कोंबायचा, झाकण लावून डबा तासभर उन्हात ठेवायचा. मग दहा मिनिटं बाहेर चक्कर मारून यायचं आणि झाकण उघडताक्षणी हुंगायचं. शक्यतो घरात आत्ताच आलेल्या माणसाकडून हुंगवून घ्या. गरम डब्यात वास आला नाही तर मांडवातल्या गर्दीत आणि अंगाच्या उबेतही येणार नाही. थंड कपडा हुंगून "गेला" म्हणू नका.

एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून विचारतो, तुम्हालाही विचारतो. घरात तान्हं बाळ आहे का, किंवा लग्नाला येणार आहे का? नॅफ्थलिनच्या वाफेने जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या माणसांच्या, विशेषतः नवजात बाळांच्या, तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि जोराची कावीळ होऊ शकते. ही कमतरता असल्याचं अनेकदा आधी माहीतच नसतं. गोळ्यांत ठेवलेली दुपटी, झबली, शाली बाळाला घालायच्या नाहीत, धुतल्या तरी नाहीत. वास येणारी शाल पांघरून बाळाला मांडीवरही घेऊ नका. युरोपीय संघाने २००८ पासून नॅफ्थलिनच्या गोळ्यांवर बंदी घातली आहे. आपल्याकडे त्या किराण्याच्या दुकानात मिळतात म्हणून त्या साध्या वाटतात.

आता आलमारी, कारण ती तशीच राहिली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा हाच प्रश्न. सगळं रिकामं करा. खणात अंथरलेला कागद फेका, कागद फार वास धरतो. कोपऱ्यांतला आणि ड्रॉवरच्या मागचा चुरा झाडून बाहेर टाका. लोखंडी आलमारी असेल तर आतून साबणाच्या कोमट पाण्याने पुसून, दारं उघडी ठेवून, दिवसा पंखा लावा, आठवड्यात ती बरी होते. प्लायवूडची असेल तर धीर धरा, लाकूड आणि त्याला लावलेला डिंक महिना-दीड महिना घेतात. तोवर तिच्यात लग्नाचे कपडे ठेवू नका. कोपऱ्यात सक्रिय कोळशाच्या पिशव्या ठेवल्या तर उरलेला वास ओढला जातो. शेगडीचा कोळसाही चालतो, पण त्याची ताकद कमी.

पुढच्या वर्षी ठेवताना एवढं पाहा की कसर लोकर, सिल्क आणि पिसांवर जाते, आणि त्यातही अंगाचा घाम-तेल लागलेल्या जागी आधी. सुती साडी आणि पॉलिस्टरच्या ब्लाउजसाठी गोळ्या टाकायचं कारणच नाही. लोकरीचं आणि सिल्कचं धुऊन, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत खडखडीत वाळवून, सुती पिशवीत बांधून, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवलं आणि पावसाळ्यानंतर एकदा काढून झटकलं तर बहुतेक घरांत तेवढं पुरतं.

आता तुमच्या दहा दिवसांचा हिशेब. आज खिसे आणि आलमारी झाडून घ्या आणि ब्लेझर दुपारीच पंख्यासमोर लावा. साड्या दुसऱ्या खोलीत, एकाच खोलीत नको, नाहीतर ब्लेझरची वाफ सिल्कला लागेल. चौथ्या दिवशी वाफ मारा. सहाव्या दिवशी डब्याची तपासणी करा. वास असेल तर त्याच संध्याकाळी ब्लेझर ड्रायक्लीनला टाका, कारण लग्नसराईत आम्हाला दोन दिवस लागतात आणि परत आल्यावर त्याला निदान एक दुपार उघड्यावर हवीच. त्या दिवशी तो कुठल्याही आलमारीत ठेवू नका, लग्नाच्या सकाळपर्यंत दाराच्या खुंटीवरच राहू द्या.